सेमचा तक्ता

व्हॉल्व बनवणाऱ्या त्या कारखान्याच्या ऑफिसात सगळी पत्रं 'सेम'वर चालत. प्लीज सेंड द सेम. काइंडली कन्फर्म द सेम. एकदा ऑफिसातल्या ज्येष्ठ ताईंनी एका गिऱ्हाइकाला ड्रॉइंग, नमुन्याचा व्हॉल्व आणि कॅटलॉग पाठवून लिहिलं, 'प्लीज रिटर्न द सेम'. त्यांना फक्त सही केलेलं ड्रॉइंग हवं होतं. गिऱ्हाईक सज्जन निघालं. तिन्ही वस्तू परत आल्या, खोक्यातल्या भुशासकट. ऑर्डर मात्र आली नाही.

तेव्हापासून टायपिस्टने मनावर घेतलं. पत्रव्यवहाराचं नवं टेबल लवकरच कुणाला तरी मिळणार होतं आणि तिला ते हवं होतं. तीन आठवडे खपून तिने एका पानाचा तक्ता केला. एकच वस्तू असेल तर 'सेम'ऐवजी 'इट'. जास्त असतील तर सरळ नाव घ्या: 'प्लीज रिटर्न द साइन्ड ड्रॉइंग'. 'कन्फर्म द सेम'मधलं शेपूट बहुतेकदा छाटलं तरी चालतं, 'प्लीज कन्फर्म' पुरतं. आणि तळाशी: 'आम्ही पासवर्ड बदललाय, प्लीज डू द सेम' हे बरोबर आहे, इथे 'सेम' म्हणजे 'तसंच', त्याला हात लावू नका.

शुक्रवारी तिने तो ताईंना दाखवला. शेजारचं टेबल, सहा वर्षांची ओळख, डबा अर्धा-अर्धा.

"अगं, सोनं आहे हे! एकदा डोळ्याखालून घालते, ठेव माझ्याकडे."

सोमवारी साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. हातात तक्ता. वर ताईंचं नाव, तेही ठळक.

"बाई, कमाल केलीत," साहेब म्हणाले. "पण हे शेवटचं 'डू द सेम' का सोडलंत?"

ताईंनी टायपिस्टकडे पाहिलं. आता तरी खरं बोलतील, असं तिला उगाच वाटलं.

"हिने टाइप केलं ना साहेब," ताई हसून म्हणाल्या. "हिच्या हातून राहिलं असेल. लहान आहे, शिकेल."

साहेबांनी ती ओळ लाल पेनाने खोडली. पानावरची ती एकच ओळ, जिला हात लावायचा नव्हता. टेबल ताईंना मिळालं, टाळ्याही. टायपिस्टनेही वाजवल्या, हात आपोआप उठले.

दुपारी डब्याच्या वेळी तिच्या स्क्रीनवर ताईंचा मेल आला. 'तक्त्यात साहेबांनी केलेली दुरुस्ती आणि सर्क्युलरचा मजकूर सोबत. प्लीज टाइप द सेम. डबा आणलायस ना?'

तिने मेल दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, 'ताई, कोणतं टाइप करू? दुरुस्ती की सर्क्युलर? नाव लिहा.'

पाच मिनिटांनी उत्तर आलं, 'दोन्ही. कन्फर्म द सेम.'

तिने डब्याचं झाकण लावलं. त्या दिवशी ती एकटीच जेवली, जिन्यावर बसून, पूर्ण डबा.