शंभरामागे पन्नास

“माळ ओढल्यासारखं मोजू नकोस, संचिता. माळेतले मणी सगळे सारखे. इथला प्रत्येक वेगळा.”

कल्याणच्या या रुग्णालयाच्या लॅबमध्ये माझा पहिला आठवडा होता, तेव्हा आमचे वरिष्ठ महिपत सर असं म्हणाले होते. एका दिवसाच्या बाळाच्या स्लाइडवर गडद, गोल दाणे असलेल्या पेशी होत्या. मी त्या पांढऱ्या पेशींत मोजून टाकल्या. सरांनी मला परत सूक्ष्मदर्शक दुर्बिणीशी बसवलं.

“दाण्याभोवती बघ. गुलाबी-करडा रंग आहे ना? अगं, ही लाल पेशी. हाडातल्या मज्जेत तयार होते, आतलं केंद्रक, म्हणजे हाच दाणा, टाकते आणि मग रक्तात येते. हिने टाकलं नाही, तशीच निघाली.”

“मग बाळ आजारी आहे, सर?”

“नाही गं. आईच्या पोटात प्राणवायू बेताचा, म्हणून मज्जा घाईत असते. तान्ह्या बाळात थोड्या दिसायच्याच, तीन-चार दिवसांत जातात. फार असल्या तर मात्र बाळाला त्रास झालाय समजायचं. आणि मोठ्या माणसात एक जरी दिसली, तरी खुर्ची पुढे ओढायची.”

सर निवृत्त झाले त्या दिवशी सगळ्यांनी पेढे खाल्ले. माझा उपास, म्हणून माझा पेढा त्यांनी कागदात बांधून दिला आणि हळूच म्हणाले, “माझ्या रक्ताच्या काचेवर कधी त्या दाणेवाल्या लाल पेशी दिसल्या तर मला दाखवायच्या. गोड बोलून निजवायचं नाही. शब्द?”

“दिला, सर.”

काल ते वरच्या वॉर्डात दाखल झाले. शहाडला एकटेच राहतात. शेजाऱ्यांनी रिक्षात घालून आणलं. ताप, थकवा, अंगावर निळे डाग. मी भेटायला गेले तेव्हा म्हणाले, “नेम झाला का गं आजचा? माझ्यासाठी काही मागू नकोस हां, देवाला आधीच कामं फार.”

आज सकाळी मशीनने त्यांच्या पांढऱ्या पेशी अठरा हजार दाखवल्या. पुतण्या सुदेशचा वाशिमहून फोन आला. “ताई, इन्फेक्शनच ना? म्हणजे औषधाने जाईल. काका उगाच घाबरतील, त्यांना बाकी काही सांगू नका हां.”

मी स्लाइड लावली आणि खुर्ची पुढे ओढली.

त्याच पेशी. शंभर पांढऱ्या मोजेपर्यंत या पन्नास झाल्या. मनाला पटेना म्हणून दुसरी स्लाइड रंगवली. पुन्हा पन्नास. आमचं मशीन जुनं, केंद्रक दिसलं की पांढरी पेशी धरतं. हिशेब दुरुस्त केला तर अठराचे बारा हजारच उरले. शिवाय थेंबासारख्या ओढलेल्या लाल पेशी, अर्धवट वाढलेल्या पांढऱ्या, आणि प्लेटलेट अगदी विरळ. शेजारच्या ट्रेमध्ये एका बाळाची स्लाइड होती, शंभरामागे सहा. तिच्यावर मी ‘वयाला अपेक्षित’ लिहिलं होतं. सरांच्या कागदावर काही लिहायला हात उचलेना.

मंदाकिनी मॅडम आमच्या लॅबच्या डॉक्टर. त्यांनी बराच वेळ डोळा लावून पाहिलं.

“कडक इन्फेक्शनमध्येही येतात, प्राणवायू फार कमी पडला तरी येतात. पण हे सगळं एकत्र दिसलं की मज्जेत काहीतरी शिरलंय असं वाटतं. काय ते मज्जा तपासल्याशिवाय नाही सांगता येणार. वॉर्डच्या डॉक्टरांना मी आत्ता कळवते.”

“मॅडम, सरांना मी शब्द दिलाय.”

मी सगळं सांगितलं. सुदेशचा फोनही सांगितला.

“रक्त त्यांचं आहे, पुतण्याचं नव्हे,” मॅडम म्हणाल्या. “वॉर्डच्या डॉक्टरांना विचारून तुला कळवते. काचेवर दिसलं तेवढंच सांग. रोगाचं नाव घेऊ नकोस. नावं आमच्याकडे सोड.”

तासाभराने त्यांचा निरोप आला: ‘सर स्वतःच विचारतायत. जा.’

चारला ड्यूटी संपली. रोज या वेळी मी डोंबिवलीला निघते. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावते. आई गेल्यापासून, चौदा वर्षं, एक दिवस चुकला नाही. घरी दुसरं कोणी नाही लावायला. आज तो वेळेवर लागणार नाही. मनातल्या मनात देवाला तसं सांगून टाकलं.

कपाटातून सरांची जुनी, आरशाची दुर्बीण काढली. तिला वीज लागत नाही, खिडकीचा उजेड पुरतो. सरांची खाट पश्चिमेच्या खिडकीशीच आहे. साडेपाचपर्यंत ऊन असतं तिथे.

भिंग पुसलं. स्लाइडवर टाकायच्या तेलाची बाटली, ओटी पदरात घ्यावी तशी ओढणीत धरली, स्लाइड डबीत ठेवली. सर आधी बघतील, मग विचारतील, किती? तेवढं उत्तर मला पाठ होतं.

लिफ्टला रांग होती. दुर्बीण छातीशी धरून मी जिना चढायला लागले.