दादाच्या तक्रारी

लाँड्रीच्या शटरचं कुलूप अगदी जमिनीलगत होतं. ते उघडायचं काम धाकटीचं; त्यासाठी वाकावं लागायचं, आणि तिला सकाळी वाकता येत नव्हतं. गोष्ट एवढीशीच, पण तिच्यावरून त्या घरात तीन वर्षं रोज वाजत होतं.

आई-वडील गेल्यावर दुकान दादाकडे आलं आणि दुकानाबरोबर धाकटीही आली. दादा मनाने वाईट नव्हता. दुसऱ्याला दमताना पाहिलं की त्याला बरं वाटायचं, इतकंच. तो स्वतः पहाटेपासून राबायचा आणि जगानेही तसंच राबावं असं त्याचं म्हणणं होतं. चोविशीतली बहीण सकाळी भिंतीला धरून उठते, बेसिनपाशी ओणवी होताना दात-ओठ आवळते, आणि तीच दुपारी पडद्यांचे ओले गठ्ठे खांद्यावर टाकून गच्चीचा जिना चढते, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं.

"हे कसलं दुखणं गं? घड्याळ बघून येतं आणि घड्याळ बघून जातं," तो म्हणायचा. "नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण नाही, कंबर," वहिनी इस्त्री फिरवता फिरवता म्हणायची. वहिनी धाकटीच्या बाजूची होती, पण दादासमोर तिचं काही चालत नसे. म्हणून ती विनोद करायची.

धाकटीने भांडायचं सोडून दिलं होतं. तिने एवढंच ओळखलं होतं की दुपारी बरं वाटतं असं कबूल केलं की आपण खोट्या ठरतो. म्हणून दुपारी बरं वाटत असलं तरी ती कमरेवर हात ठेवून फिरायची. खरं दुखणं असलेल्या माणसाला दुखण्याचं सोंग करावं लागत होतं, आणि त्याची तिला फार लाज वाटायची.

हीच सवय तिला डॉक्टरांकडेही नडली. आधी एका डॉक्टरांनी पट्टा दिला होता आणि आराम सांगितला होता. आराम केला की सकाळ आणखी वाईट जायची. शेवटी वहिनीने तिला सांध्यांच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्या बाईंनी विचारलं, कधी दुखतं? धाकटी घाईघाईने म्हणाली, दिवसभर. काम केल्यावर? तेव्हाही दुखतं. डॉक्टरांनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं. सकाळचा आखडलेपणा तेवढा तिने खरा सांगितला होता, आणि वय कोवळं होतं. एक्स-रेत नक्की असं काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली: एचएलए-बी२७.

"ही जनुकाची खूण असते. मणक्यांच्या एका आजारात पुष्कळांच्या रक्तात सापडते," त्या म्हणाल्या. "काहीही आलं तरी रिपोर्ट घेऊन या. आणि येताना घरातलं कोणीतरी आणा."

धाकटीच्या लक्षात राहिली फक्त खूण. आपल्या दुखण्याचीही खूण असते आणि ती कागदावर छापून येते! तिने घरी येऊन सांगितलं, तेव्हा दादाने हातातला हँगर खाली ठेवला.

"बरं झालं. एकदा काय तो सोक्षमोक्ष लागू दे," तो म्हणाला. "रिपोर्टात निघालं, तर शटर जन्मभर मी उघडीन. नाही निघालं, तर सकाळी तूच उघडायचं आणि कण्हणं-कुथणं बंद. बोल."

"कबूल," धाकटी म्हणाली.

आजार नको म्हणून लोक देवाला हात जोडतात. ही तो हवा म्हणून जोडत होती. आपण हे काय मागतोय, ते तिला कळत होतं. पण आजारापेक्षा खोटं ठरण्याची भीती मोठी होती.

लॅबमध्ये रक्त काढायला होत्या त्या लॅबवाल्या ताई तिच्या ओळखीच्याच होत्या. लॅबचे पांढरे कोट धुवायला याच लाँड्रीत यायचे आणि ते घेऊन त्याच यायच्या. पन्नाशीच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी सुई इतकी हलक्या हाताने टोचली की धाकटीला कळलंही नाही.

रिपोर्ट आला. निगेटिव्ह.

दादाने तो काउंटरवर सरळ केला, वाचला आणि घडी घालून परत दिला. तो हिणवणार असं धाकटीला वाटलं होतं. पण त्याने नुसती खिळ्यावरची शटरची किल्ली काढून तिच्यासमोर ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर खरोखरीचा सुटकेचा भाव होता. बहिणीला काही झालेलं नाही, याचा त्याला आनंदच झाला होता. तिला ते कळलं, आणि त्यामुळे रडूही येईना.

ती डॉक्टरांकडे परत गेली नाही. निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन काय तोंड दाखवायचं? उलट तिला स्वतःचाच संशय यायला लागला. खरंच मनाचे खेळ असतील का? आळस अंगात इतका भिनला असेल का, की हाडांनाही खरा वाटावा? रोज सकाळी ती दुकानासमोर यायची, एका हाताने खांब धरून गुडघ्यांवर बसायची, कुलूप काढायची आणि खांबाला धरूनच वर यायची. तोंडातून आवाज काढायचा नाही, ही बोली तिने पाळली.

एका सकाळी ती अशीच गुडघ्यांवर असताना मागे कोणीतरी उभं राहिलं. लॅबवाल्या ताई. खांद्यावर कोटांचं भलंमोठं गाठोडं.

"अगं, डॉक्टरांकडे जाऊन आलीस ना?"

"निगेटिव्ह आला ना ताई. मग काय जायचं?"

धाकटीने शटर वर केलं, तर मागच्या दाराने आधीच आत आलेला दादा मशीनमध्ये चादरी भरत होता. तो तिथूनच म्हणाला, "काही निघालं नाही, ताई. देवाची कृपा."

ताईंनी गाठोडं काउंटरवर आदळलं. "तुमच्या रिपोर्टाचा अर्थ सांगायची मला मुभा नाही. ते काम डॉक्टरांचं. पण माझ्या रक्ताबद्दल मी वाटेल तेवढं बोलेन, ते माझं आहे." त्यांनी स्टूल ओढलं आणि ऐसपैस बसल्या. "ही तपासणी लावताना मशीन नीट चाललंय का ते बघावं लागतं. म्हणून पेशंटच्या रक्ताबरोबर दोन रक्तं अशी लावतात, ज्यांचं उत्तर आधीच माहीत असतं. एकात ती खूण नक्की नाही, एकात नक्की आहे. आमच्याकडे 'नक्की आहे' ते रक्त कोणाचं, माहितीये? माझं. गेली कित्येक वर्षं."

दादा चादर हातात घेऊनच बाहेर आला. "म्हणजे तुम्हाला तो आजार आहे?"

"मला? माझी कंबर आजवर एकदाही दुखलेली नाही. आता हे गाठोडं कोणी आणलं, तुम्ही?"

"मग मशीन खोटं बोलतंय."

"मशीन खरं बोलतं. त्याला रक्तातलं विचारलं, त्याने रक्तातलं सांगितलं. कमरेतलं त्याला कोणी विचारलंच नाही."

दादाची नजर काउंटरवर पडलेल्या शर्टाकडे गेली. कॉलरच्या आत गिऱ्हाइकाची खूण शिवलेली होती. तो शर्ट त्याने उलटसुलट करून पाहिला.

"खुणेवरून शर्ट कोणाचा ते कळतं," तो हळूच म्हणाला. "मळलाय का, ते शर्ट बघूनच ठरवायचं."

"आता कसं बोललात," ताई म्हणाल्या. "डॉक्टरांकडे जा. आणि कोट शुक्रवारी द्या, मागच्या वेळी उशीर केलात."

त्याच आठवड्यात तिघंही डॉक्टरांसमोर बसली होती. धाकटी मान खाली घालून, वहिनी मधे, आणि दादा एखाद्या साक्षीदारासारखा ताठ. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला आणि बाजूला ठेवला.

"ही खूण असलेल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. आणि आजार असलेल्या काही जणांत खूण नसते. शंका वाढवायला किंवा कमी करायला हिचा उपयोग, निकाल द्यायला नाही. मला हिचं दुखणं नीट कळायला हवं." त्या दादाकडे वळल्या. "तुम्ही रोज बघता. तुम्ही सांगा."

दादाने घसा खाकरला. त्याला सांगण्यासारखं एकच माहीत होतं: तीन वर्षं ज्या तक्रारी तो जेवताना, इस्त्री करताना, गिऱ्हाइकांसमोरसुद्धा करत आला होता, त्या.

"सकाळी लाकूड असते नुसती. तासभर तरी. दुपारी बघाल तर पडदे उचलते, तेव्हा काही दुखत नाही. म्हणून मी म्हणायचो..." तो थांबला.

"बोला, बोला." डॉक्टर लिहीत होत्या.

"सुट्टीला दिवसभर लोळू दिलं, तर दुसऱ्या दिवशी दुप्पट नाटक. म्हणजे, दुप्पट त्रास. पहाटे उठून घरभर येरझाऱ्या घालते, माझी झोप मोडते. आणि मागे हिची दाढ ठणकत होती, दातांच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्या चालू होत्या तोवर सकाळी टुणटुणीत! मी म्हटलं, बघा, दाढ दुखली की कंबर विसरते."

वहिनीने गोळ्यांचं जुनं पाकीट पर्समधून काढलं. डॉक्टरांनी नाव पाहिलं. "सूज उतरवणाऱ्या गोळ्या आहेत," त्या म्हणाल्या. त्यांनी पेन खाली ठेवलं. "साधी कंबर आरामाने बरी होते, कामाने दुखते. हिची बरोब्बर उलट. या आजाराचं दुखणं असंच असतं. हे इतकं नेमकं मला कोणी सांगितलं नव्हतं. हिनेसुद्धा नाही." त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "तू दिवसभर दुखतं म्हणालीस. का गं?"

"दुपारी थांबतं म्हटलं की कोणाला खरं वाटत नाही," धाकटी म्हणाली. तिचा आवाज फुटला.

वहिनीने तेवढ्यात संधी साधली. "काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती पुटपुटली. पण तिचेही डोळे भरले होते.

दादाने चेहऱ्यावरून हात फिरवला. "तक्रारी सगळ्या मी केल्या, डॉक्टर," तो म्हणाला. "दुखणं हिचं होतं."

एमआरआय झाला. पाठीचा कणा जिथे माकडहाडाच्या वर ओटीपोटाच्या हाडांना जोडलेला असतो, तिथल्या दोन्ही सांध्यांत सूज स्पष्ट दिसली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, आणि तो अजून पहिल्याच पायरीवर आहे हेही सांगितलं. आजार जन्माचा सोबती, पण वेळेवर धरला तर आवरता येतो. गोळ्या, त्या पुरल्या नाहीत तर पुढची औषधं, आणि रोज व्यायाम. पट्टा काढून टाका. लोळत पडू नका. सकाळी आधी गरम पाण्याने अंघोळ, मग व्यायाम, मग काम.

धाकटीला वाईट वाटलं आणि हायसंही वाटलं. कुठलं जास्त, ते तिला ठरवता येईना.

दुसऱ्या सकाळी ती नेहमीच्या वेळी किल्ली घेऊन निघाली. दादा दारात आडवा आला आणि त्याने हात पुढे केला.

"आण इकडे."

"रिपोर्ट निगेटिव्हच आहे दादा. बोली बोलीच असते."

"तू आधी अंघोळ कर, व्यायाम कर," दादा म्हणाला. "बोलीचं मी बघतो."

तो गेला. अंघोळीचं गरम पाणी पाठीवर घेताना तिला खालून शटरचा खडखडाट ऐकू आला, मग थोडी उसंत, मग पुन्हा खडखडाट. ती बऱ्याच वेळाने खाली आली, तेव्हा दादा कमरेवर हात ठेवून उभा होता. कुलूप अजून खालीच होतं.

"गंजलंय," तो म्हणाला. "तीन वर्षं तू हे कसं उघडत होतीस?"

"गुडघ्यांवर बसून," धाकटी म्हणाली.

दादाने तिच्याकडे पाहिलं. मग तो रस्त्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, गुडघ्यांवर बसला.