न उघडलेल्या दुकानाला वाळवी लागत नाही

मित्रांनो, मी जुनी आहे हे वेगळं सांगायला नको. माझ्यावर बसलात की माझी कुरकुरच सांगेल. केस कापायच्या दुकानातली खुर्ची आहे मी. साधीसुधी नाही, पंपवाली. एका कारखान्यात माझा बसका लोखंडी पाय ओतला, पोटात तेलाचा पंप बसवला आणि वरून लाल रेक्झीन चढवलं. नवी होते तेव्हा काय तोरा होता! मालकानं पायानं दोनदा दांडा दाबला की जाडजूड गिऱ्हाईकसुद्धा फुलासारखं वर.

पुढे पंपाचं वॉशर झिजलं. मग गिऱ्हाईक बोलता बोलता हळूहळू खाली जायला लागलं. त्याला कळायचंसुद्धा नाही. गाल फुगवून बढाया मारणारा माणूस बढाई संपेपर्यंत आरशातून निम्मा गायब झालेला असायचा. मला फार मजा यायची. मालक म्हणायचा, दुरुस्त करू. मी मनात म्हणायचे, कशाला घाई!

खुर्चीवर बसला की माणूस बोलतो. गळ्याभोवती कपडा गुंडाळलेला, हात आत अडकलेले, कानाशी वस्तरा. पळणार कुठे? बोलून मोकळा होतो. अशी मी बरीच माणसं ऐकली, पण दोघांची गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी.

दोघे जिवलग मित्र, बिस्किटांच्या कारखान्यात एकाच टेबलावर डबे भरायचे. एकाला सगळे उड्या म्हणायचे, कारण तो आधी उडी मारायचा आणि मग खाली काय आहे ते बघायचा. दुसरा थांब्या. त्याला चहात साखर किती विचारलं तरी म्हणायचा, सांगतो. दोघांना लाकडाची खेळणी बनवायचं वेड. नोकरी सोडून खेळण्यांचं दुकान काढायचं, असं किती दिवस माझ्यावर बसून चाललं होतं. गाळासुद्धा बघून ठेवला.

ऐन वेळी उड्यानं नोकरी सोडली आणि थांब्यानं नाही. थांब्याची कारणं खोटी नव्हती हं. आई आजारी होती, घर नवं होतं, आणि वरचे साहेब म्हणाले होते की पुढच्या वर्षी बढती देतो.

उड्यानं दुकान उघडलं आणि त्याच्या स्वभावानं त्याला हात दिला, म्हणजे खड्ड्यात ढकललं. लाकूड कापून आणलं की ते सावलीत रचून वाळू द्यावं लागतं, चांगले काही महिने. उड्याला कुठला धीर! ओल्या लाकडाचे झुलते घोडे बनवले, झकास रंगवले, विकले. लाकूड वाळलं तसं आक्रसलं, सांधे सुटले, आणि गावभर तीन पायांचे घोडे झाले. लोक दारात रांग लावून उभे, प्रत्येकाच्या हातात एकेक पाय. पाऊस सुरू व्हायच्या आत दुकान बंद.

त्या दिवसांत उड्या माझ्यावर बसला की माझं रेक्झीन भिजायचं. झोप नाही, जेवण नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते म्हणायचा. कुणी नुसतं ‘घोडा’ म्हटलं तरी कानशिलं लाल. थांब्या मात्र शेजारच्या बाकावर पेपर वाचत मजेत. वाचलो बाबा, असं त्याच्या पाठीवरसुद्धा लिहिलेलं दिसायचं. तेव्हा तुम्ही मला विचारलं असतं, दोघांत दुःखी कोण, तर मी डोळे मिटून उड्याकडे बोट दाखवलं असतं. मला बोट नाही, ते सोडा.

पण मित्रांनो, माझं काम केसांचं. वाकडे कापले तर आरशात बघून माणूस रडतो, आणि पुढच्या खेपेला त्याला ते आठवतही नाही. उड्याचं तसंच झालं. जखम दिसत होती म्हणून तो तिच्यावर फुंकर घालायला लागला. लोकांच्या घरी जाऊन घोड्यांचे पाय बसवून दिले. लाकूड कसं वाळवायचं ते एका म्हाताऱ्या सुताराकडून शिकला, मग त्याच्याकडेच कामाला लागला. आणि तीन पायांचा घोडा घेऊन भांडायला आलेल्या एका बाईंशी त्याचं लग्न झालं. तेव्हापासून तो दुकान बुडाल्याची गोष्ट जमलेल्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, दुकान चाललं असतं तर आमची ही भांडायला कशाला आली असती? लोक खो खो हसायचे. तोही.

थांब्याचं उलटं झालं. त्याची आई बरी झाली आणि चांगली ठणठणीत झाली. घराची नवलाई सरली. बढती कधी मिळाली आणि कधी जुनी झाली, कळलंसुद्धा नाही. ज्या कारणांनी त्याचे पाय धरून ठेवले होते ती एकेक करून विरून गेली, आणि राहिलं काय तर नुसतं थांबणं. मग तो आरशात बघून मालकाला विचारायला लागला, तेव्हा मी घाबरलो तरी कशाला होतो रे? खरं म्हणजे तेव्हा घाबरण्यासारखं होतं. पण जुनी भीती आठवून पुन्हा भीती वाटत नाही ना, म्हणून ती आता फुसकी वाटायची.

गंमत म्हणजे त्याचं न उघडलेलं दुकान वाढायला लागलं. आधी ते एका गाळ्याचं होतं. मग शेजारचा गाळा घेतला. पुढे वर मजला चढला, परदेशात घोडे जायला लागले. सगळं डोक्यात! उड्याच्या दुकानाचा हिशेब एकदाचा मिटला होता. थांब्याच्या दुकानाचं काय झालं असतं हे कुणालाच माहीत नाही, म्हणून ते मिटेना. न उघडलेल्या दुकानाला वाळवी लागत नाही, त्यातलं लाकूड कधी ओलं निघत नाही. थांब्या काही रडायचा नाही. नुसता बारीक, लांब उसासा सोडायचा, कुणी उड्याची गोष्ट ऐकून हसत असलं की हमखास.

आता आमच्या मालकाकडे या. मालकाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारी इस्त्रीवाल्या बाईंचं दुकान. त्याही एकट्याच. आमचे टॉवेल त्यांच्याकडेच इस्त्रीला. गल्लीत सगळे त्यांना ताई म्हणायचे, फक्त मालक ताई म्हणायचं टाळायचा. माझ्या पहिल्यांदा तिथेच लक्षात आलं. टॉवेल स्वच्छ असले तरी पुन्हा चुरगळून इस्त्रीला पाठवायचा. बाई ते घेऊन आल्या की गप्पा मारायच्या, हसायच्या आणि जायच्या. वर्षानुवर्षं.

एक दिवस बातमी आली, की बाई दुकान बंद करून दुसऱ्या गावी बहिणीकडे कायमच्या निघाल्यात.

दुपारी दुकान रिकामं होतं, फक्त उड्या माझ्यावर आणि थांब्या बाकावर. मालकानं कसंबसं सांगून टाकलं. विचारावंसं वाटतं, पण नाही म्हणाल्या तर? गल्लीत तोंड कसं दाखवू? या वयात लोक हसतील.

उड्या म्हणाला, "हसतील की. मी हसतोयच. महिनाभर तोंड लपवशील, मग तूच सांगत सुटशील. माझा अनुभव दांडगा आहे."

मालक म्हणाला, तुझं काय, तू उड्या आहेस. आणि थांब्याकडे बघितलं. त्याला वाटलं हा तरी म्हणेल, सांगतो.

थांब्यानं पेपराची घडी घातली. "शेठ, याचं ऐकून मी आजवर काही केलं नाही," तो म्हणाला. "पण नाही म्हणाल्या तर तुला कळेल की नाही म्हणाल्या. विचारलंच नाहीस, तर त्या रोज नवं काहीतरी म्हणतील. माझ्याशी ते दुकान अजून बोलतं."

उड्याची चेष्टा तिथल्या तिथे थांबली. तो हळूच म्हणाला, "एक मात्र आहे हं. केसांसारखं सगळंच परत उगवून येत नाही. दुकान बंद झालं त्या दिवशी रागात बाबांना नको ते बोललो. माफी मागायच्या आधीच ते गेले. तेवढं अजून टोचतं. तेव्हा विचार, पण एकदाच, नीट. नाही म्हणाल्या तर गळ घालायची नाही."

बाई टॉवेल घेऊन आल्या. दोघे मित्र भिंतीकडे तोंड करून एकच पेपर वाचायला लागले. मालक म्हणाला, जरा बसा ना. बाई इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यावर बसल्या. मालकानं घसा खाकरला, कात्री उचलली, ठेवली, फणी उचलली. आणि माझं वॉशर! मालक बोलायला लागला तशा बाई खाली जायला लागल्या. त्याचं वाक्य लांबलचक, अडखळत. ते संपलं तेव्हा त्यांची हनुवटी आरशाखालच्या फळीला टेकली होती.

बाई हसल्या, मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "विचारलंत, बरं वाटलं. खोटं नाही सांगत. पण मी आता जाणार. बहिणीला आणि मला एकत्र राहायचंच होतं, ते राहून गेलंय."

मालकानं विचारलं, "आधी विचारलं असतं तर?"

"ते मलाही माहीत नाही हो," बाई म्हणाल्या, आणि टॉवेल मांडीवरून उचलून नीट फळीवर ठेवले.

पुढचे दिवस काय सांगू! मालक उड्याला शिव्या घालायचा, स्वतःला घालायचा. एका गिऱ्हाइकाचे कल्ले एक वर एक खाली कापले. इस्त्रीच्या दुकानासमोरून जायचं टाळायला मागच्या गल्लीनं फिरून यायचा. का तोंड उघडलं, का तोंड उघडलं, एवढाच जप. मला वाटलं, गेला माझा मालक.

पण बाई निघाल्या त्या सकाळी तो समोरूनच गेला. त्यांची पेटी रिक्षात ठेवली आणि रिक्षा वळेपर्यंत उघड उघड हात हलवत उभा राहिला. लपवायला काही उरलंच नव्हतं.

आता दुकानात नव्या खुर्च्या आल्यात, बटणावर चालणाऱ्या. मला कोपऱ्यात सरकवलंय, माझ्यावर कधी टॉवेल ठेवतात, कधी धूळ बसते. दुपारी मात्र मालक स्वतः येऊन बसतो आणि जमलेल्यांना ती गोष्ट सांगतो, हातवारे करून. "मी विचारतोय आणि बाई आरशातून मावळतायत!" पोट धरून हसतो. शेवटी म्हणतो, नाही म्हणाल्या, पण बरं वाटलं म्हणाल्या की नाही? थांब्या बाकावरून रोज म्हणतो, शेठ, परत सांग.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंवरची धूळ पुसा, एवढंच मी तुमच्याकडे मागणार होते. पण धूळ उद्याही पुसता येईल. कुणाला काही विचारायचं, शिकायचं, सॉरी म्हणायचं मनात असेल तर आधी ते करा. कुणाला दुखवायचं असेल तर तेवढं मात्र थांब्यावर सोपवा, तो ‘सांगतो’ म्हणेल. आणि फजिती झाली, तर सरळ माझ्याकडे या. मालक गळ्यापर्यंत कपडा गुंडाळेल, केस वाढेपर्यंत तुम्ही बसून राहा.