खिशातली डबी

मी चिडून प्रोग्रॅम पुन्हा चालवला. पडद्यावर तीन एजंट, म्हणजे प्रोग्रॅममधली माणसं; तिघांच्याही कपाळावर डाग. प्रत्येकाला फक्त इतरांचे दिसतात; दर फेरीत विचारायचं, स्वतःला डाग आहे का ते कळलं का. "निदान एकाला तरी डाग आहे," हे प्रत्येकाला गुपचूप कळवलं, तर सगळे ढिम्म. तेच सगळ्यांसमोर जाहीर केलं, तर दोन फेऱ्या गप्प राहून तिसऱ्या फेरीत तिघांनीही स्वतःचा डाग ओळखला.

"पण हे तर त्यांना आधीच माहीत होतं!" मी करवादले.

"काय?" शेजारी उभ्या सरांनी कान पुढे केला.

सरांना कमी ऐकू येतं, हे प्रयोगशाळेत प्रत्येकाला माहीत होतं, पण उघडपणे कुणीच बोलत नसे. मी सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हणाले, "सर, तुम्हाला ऐकू कमी येतं."

सरांनी खिशातून श्रवणयंत्राची डबी काढली.

"तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, हे मला ठाऊक होतं. पण कुणी बोलेपर्यंत लावायचं कसं?"