बाईंनी तपासून घेतलेली योजना

गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, पण संशय काही निवृत्त झाला नाही. दूधवाल्याचं मापसुद्धा त्या घरच्या मापाने पडताळायच्या. त्यामुळे ज्येष्ठ नागरिक संघाच्या सभागृहात बँकेतून निवृत्त झालेला अधिकारी परकीय चलनाच्या फसव्या योजनांवर बोलायला उभा राहिला, तेव्हा बाईंनी शेजारी बसलेल्या नणंदेला कोपर मारलं.

"बघा वन्सं, शेवटी हा स्वतःचंच काहीतरी गळ्यात मारणार."

बाईंना त्याचा राग येत होता, कारण आपली ठेव मोडून ती उद्याच चलनाच्या योजनेत घालायचं त्यांनी ठरवलं होतं. दरमहा आठ टक्के, हमखास!

"चलनाचा भाव कुठे जाईल हे कुणालाच ठाऊक नसतं," अधिकारी सांगत होता. "हमी देतो तो एक तर खोटं बोलतो, नाहीतर व्यापारच करत नाही. अशा योजनेच्या ॲपमधला नफा म्हणजे नुसता पडद्यावर टाकलेला आकडा."

बाई ताडकन उठल्या. "मी काही दूधखुळी नाही. आधी थोडे भरले, महिन्याने काढून बघितले. नफ्यासकट खात्यात आले. मगच चार जणांना सांगितलं. परवा पुन्हा काढून बघितले, तेही आले!"

"थोडे देतातच, बाई. मोठी रक्कम काढायला गेलात की आधी कर भरा म्हणतील. बरं, ते पैसे कोणाच्या खात्यातून आले?"

बाईंनी फक्त रक्कम पाहिली होती. आता बँकेचं ॲप उघडून त्यांनी परवाच्या नोंदीवर बोट ठेवलं. पाठवणाऱ्याच्या जागी कंपनी नव्हतीच. तिथे त्यांच्या नणंदेचं नाव होतं.

"वन्सं, तुम्ही मला पैसे पाठवलेत?"

"छे! मी योजनेत भरले. एजंटाने खात्याचा क्रमांक सांगितला, मी टाकला. डोळ्याच्या ऑपरेशनचे होते, वाढले तर बरंच म्हटलं."

"नव्याचे पैसे परस्पर जुन्याच्या खात्यात वळवतात," अधिकारी हळू आवाजात म्हणाला. "म्हणजे जुन्याला विश्वास बसतो. आत्ताच बँकेला आणि पोलिसांना कळवा, उशीर करू नका."

बाईंनी नणंदेचा हात धरला. "अहो, पण मला विचारायचं तरी!"

"तुम्हाला काय विचारायचं, वहिनी? तुम्ही तपासलंत म्हणूनच तर डोळे मिटून भरले."

बाईंना शरमेने मान वर करवेना. तरी त्या सभागृहाकडे वळल्या. वर्गात कधी कापला नव्हता इतका त्यांचा आवाज कापत होता.

"माझ्या सांगण्यावरून आणखी कोणी भरलेत?"

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी हात वर केला. त्यांच्या मागे आणखी एक हात वर झाला, मग खिडकीपाशी दोन, आणि मागच्या बाकांवरचे हात तर वर येतच राहिले.