फरकाचा रकाना

औषधाचं दुकान उघडायला काय काय लागतं, हे बाबांना तोंडपाठ होतं. किती लागतं, हे मात्र त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं. तीस वर्षं ते दुसऱ्याच्या दुकानात काउंटरमागे उभे राहिले. कुठली गोळी कुठल्या फळीवर, हे त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. पण दुकान मालकाचं, गल्लाही मालकाचा, आणि फार्मासिस्टचं प्रमाणपत्र बाबांकडे नाही. एवढी अक्कल अंगात असूनही कागदावर ते नुसते विक्रेते होते. मालकाच्या मुलाने दुकान विकलं तेव्हा नोकरीच्या हिशोबाचे आणि आयुष्यभर साठवलेले मिळून बाबांच्या हातात बारा लाख पडले आणि मनात एकच गोष्ट उरली: आता स्वतःचं.

प्रमाणपत्र होतं मुलीकडे. घरात तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणापासून ती हाताला येईल ते ओळीत रचून ठेवायची. शिकून ती फार्मासिस्ट झाली होती, आणि दूरच्या शहरात इंजेक्शनं बनवणाऱ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. ही नोकरी तिला मनापासून हवी होती. दुकानात बसून खोकल्याचं औषध पुड्यात घालायचं नाही, असं तिने कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ठरवलं होतं आणि बाबांना सांगितलंही होतं. तेव्हा दोघे हसले होते.

म्हणून घरात स्पष्ट बोलणं झालं. परवाना मुंगीच्या नावावर काढायचा, दुकान सुरू करून द्यायचं, आणि मग पगारी फार्मासिस्ट ठेवून परवान्याच्या कार्यालयात नाव बदलून घ्यायचं. मुंगीने कंपनीकडून मुदत मागून घेतली आणि यादी करायला बसली.

यादी सुरेख झाली होती, हे कबूल केलं पाहिजे. जागेची अनामत आणि तीन महिन्यांचं भाडं, एक लाख ऐंशी हजार. फळ्या, काउंटर, दिवे, पाटी, दोन लाख वीस. फ्रिज, एसी, संगणक, बिलाचा प्रिंटर, वीज गेली तर फ्रिज चालू ठेवणारा इन्व्हर्टर, एक लाख साठ. परवाने, नोंदण्या, नकाशा, वीस हजार. सुरुवातीचा माल चार लाख चाळीस. फार्मासिस्टचा सहा महिन्यांचा पगार एक लाख वीस, कारण नवं दुकान सहा महिने तरी स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. अडीअडचणीला साठ हजार. बेरीज बरोब्बर बारा लाख. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने: अंदाज, खर्च, फरक.

"पगाराची ओळ लाल कर," आई म्हणाली. "तिला कुणी हात लावायचा नाही."

मुंगीने ती लाल केली.

कामं सुरू झाली. परवान्याचा इन्स्पेक्टर जागा तयार असल्याशिवाय येत नाही, आणि परवाना हातात असल्याशिवाय घाऊक व्यापारी औषधाचं एक पाकीटही बिल करत नाही. म्हणजे आधी फळ्या आणि फ्रिज, मग इन्स्पेक्टर, मग माल. आणि पहिल्या दिवसापासून भाडं चालू. सुताराशी दोन लाखांत ठरलं, त्याला ऐंशी हजार उचल दिली. फ्रिज आणि बाकी सामान एक लाख साठ हजारांत ठरलं, त्या दुकानदाराला पन्नास हजार बयाणा. मुंगीने त्याच दिवशी खर्चाच्या रकान्यात ऐंशी आणि पन्नास लिहिले. खर्च म्हणजे खिशातून गेलेला पैसा. यात चुकलं काय, असं कुणीही म्हणालं असतं.

फरकाचा रकाना आपोआप भरत होता. फळ्यांपुढे एक लाख चाळीस शिल्लक, सामानापुढे एक लाख दहा शिल्लक.

बाबा रोज संध्याकाळी तिच्या खांद्यावरून वाकून बघायचे. "अडीच लाख वाचतायत की गं!"

"वाचतायत," मुंगी म्हणाली.

"सुताराचं धरून?"

तिने सुताराची ओळ पाहिली. ओळ होती, आकडा होता. "धरून," ती म्हणाली.

बाबांना कधी कुणी काही वाचवून दिलं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेले आणि सगळ्या फळ्यांना सरकत्या काचा सांगून आले. जुन्या मालकाच्या फळ्या उघड्या होत्या, तीस वर्षं रोज सकाळी बाबांनीच त्यांच्यावरची धूळ पुसली होती. माझ्या दुकानात धूळ बसणार नाही, म्हणाले. काचा, काउंटरवर दगडाची लादी, रात्री उजळणारी पाटी मिळून एक लाख दहा हजार वाढले. मोठा एसी आणि काचेच्या दाराचा दुसरा फ्रिज, आणखी चाळीस हजार. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. पण अंथरूण मुळात कागदावरच लांब दिसत होतं, त्याला बाबा तरी काय करणार?

काचा सरकायला जागा हवी म्हणून सुताराने मागची फळ्यांची भिंत दीड फूट पुढे घेतली. इन्स्पेक्टर आला, टेपने मापलं, फ्रिजचं तापमान बघितलं, मुंगीचं प्रमाणपत्र बघितलं, आणि अर्जासोबतचा नकाशा जागेला लावून बघितला.

"नकाशात भिंत इथे आहे," तो म्हणाला. "प्रत्यक्षात तिथे आहे. नवा नकाशा द्या, मी पुन्हा येईन."

माणूस वाईट नव्हता. नकाशा आणि जागा जुळली पाहिजे, हे त्याचं कामच होतं. पण पुन्हा येईन म्हणजे दोन महिने गेले, आणि बंद दुकानाचं भाडं महिन्याला पंचवीस हजार. कंपनीने मुंगीला दुसऱ्यांदा मुदत दिली आणि ही शेवटची, असंही कळवलं.

परवाना आला त्याच आठवड्यात सुतार बिल घेऊन आला. "ताई, तीन लाख दहा झाले. ऐंशी आलेत. दोन लाख तीस द्या, म्हणजे मी मोकळा."

मुंगीने यादी उघडली. फळ्यांपुढे शिल्लक होती एक लाख चाळीस. ती एकदा आकड्याकडे बघे, एकदा सुताराकडे. मग तिच्या लक्षात आलं. तिने दिलेले पैसे लिहिले होते, कबूल केलेले लिहिलेच नव्हते. सुताराशी ठरलं त्याच दिवशी ते दोन लाख गेलेले होते, फक्त खिशात पडून होते. इतके दिवस शिल्लक म्हणून जी रक्कम ती बाबांना दाखवत होती, ती लोकांची होती. पोरीने अंक नीट रचले आणि घर बुडवलं. तिला स्वतःची इतकी चीड आली की सुताराला बसा म्हणायचंही सुचलं नाही.

तिने दार लावून घेतलं आणि खरा हिशोब मांडला. फळ्यांना नव्वद हजार जास्त. सामानाला चाळीस हजार जास्त. भाड्याला पन्नास हजार. एकूण एक लाख ऐंशी हजार. अडीअडचणीचे साठ वजा केले, तर राहिले एक लाख वीस.

लाल ओळीत तेवढेच होते.

तिने बाबांना सगळं सांगितलं, स्वतःची चूकसुद्धा. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते काउंटरच्या नव्या लादीवरून हात फिरवत राहिले.

"माल कमी घेऊ," शेवटी म्हणाले. "चार चाळीसऐवजी तीन वीसचा."

ते बोलताना दोघांनाही माहीत होतं की हे होणार नाही. चिठ्ठीवरच्या पाच औषधांपैकी दोन नाहीत म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो आणि परत येत नाही. नव्या दुकानाला व्यापारी उधारी देत नाहीत, पहिला माल रोखीनेच घ्यावा लागतो. काचेच्या फळ्या रिकाम्या असल्या की उघड्या फळ्यांहून जास्त रिकाम्या दिसतात.

मालाचे पैसे घ्यायला घरी आलेला घाऊक व्यापारी सगळं ऐकून नोटा मोजता मोजता म्हणाला, "एवढं काय त्यात? पोरीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावा, पोरीला पाठवा नोकरीवर. कोण बघतंय? निम्मा बाजार असाच चालतो."

मुंगीच्या मनात क्षणभर आशेचा किरण चमकला, हे लपवण्यात अर्थ नाही. तिने बाबांकडे पाहिलं.

"नाही," बाबा म्हणाले. "माझ्या दुकानात नाही. फार्मासिस्टशिवाय एक गोळी बाहेर जाणार नाही. उद्या कुणाचं काही बरंवाईट झालं तर हिचं नाव कायमचं जाईल." बाबांच्या सचोटीचा मुंगीला आयुष्यभर अभिमान वाटत आला होता. त्या दिवशीही वाटला, आणि त्याच सचोटीने तिची वाट बंद केली.

आईने एकदाच यादीतल्या लाल ओळीकडे पाहिलं आणि आत निघून गेली.

"सहा महिने मी बसते," मुंगी म्हणाली. "पगार वाचेल. मग दुकान उभं राहिलं की माणूस ठेवू."

एवढं पटकन बाबा कधीच कशाला हो म्हणाले नव्हते. "सहाच महिने," म्हणाले. "मग तू मोकळी."

कंपनीला तिने पत्र पाठवलं. उत्तर दोन ओळींचं आलं, शुभेच्छा देणारं. ती ते वाचून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

दुकान चाललं. धो धो नाही, पण चाललं. काचांवर खरंच धूळ बसत नव्हती. बाबा गिऱ्हाइकांना घरचं माणूस असल्यासारखं वागवत आणि मुंगीची ओळख करून देत, "ही आमची फार्मासिस्ट." त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. पांढऱ्या कोटात मुंगी चिठ्ठ्या वाचायची, तारखा तपासायची, खोकल्याचं औषध पुड्यात घालायची. ती चांगलं काम करत होती, वाईट करणं तिला जमतच नसे.

सहा महिने झाले. शटर अर्धं खाली ओढून बाबा म्हणाले, "पुढच्या वर्षाचा अंदाज करून टाकू. तू लिही, मी सांगतो. आणि या वेळी ठरलेले पैसे वेगळ्या रकान्यात हं!" आपल्याच विनोदावर ते हसले.

मुंगीही हसली. तिने नवा तक्ता उघडला, एक रकाना वाढवला. बाबा सांगू लागले. भाडं. वीज. माल. परवान्याची फी. फ्रिजची देखभाल. इन्व्हर्टरची नवी बॅटरी. पाटीचे दोन दिवे गेलेत, ते.

ती लिहीत गेली. मग बाबा थांबले आणि ती पुढच्या ओळीवर बोट ठेवून वाट बघत राहिली.

"झालं की," बाबा म्हणाले. "बेरीज कर."

"आणि फार्मासिस्टचा पगार?"

बाबांनी चष्मा वर केला. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, शरम नव्हती, साधं आश्चर्य होतं.

"कशाला गं?" ते म्हणाले. "तू आहेस ना."