शनिवारी दुखतं का?

सातपूरच्या त्या कारखान्याला सुट्टी शनिवारची. म्हणून डोकं, पित्त, पाठ, धडधड असलं काही घेऊन कुणी कारखान्याच्या दवाखान्यात आलं, की तपासणी झाल्यावर तिथल्या डॉक्टर शुभांगी मॅडम हमखास विचारायच्या, "शनिवारी दुखतं का?"

पत्रे दाबून भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचा सुपरवायझर यादव या प्रश्नाचा भक्तच झाला होता. टार्गेट वाढल्यापासून त्याचं कपाळ आवळायचं, मीटिंगआधी काळीज धडधडायचं. मॅडमनी रक्त, थायरॉइड, ईसीजी सगळं पाहिलं आणि मगच म्हणाल्या, "हा कामाचा ताण. पण दुखणं खोटं नाही हं." मॅनेजर साहेबांशी भांडून त्यांनी त्याच्या लागोपाठच्या शिफ्टा बंद करवल्या. डोकं दुखायचं थांबलं. तेव्हापासून यादव शॉपभर सगळ्यांना शनिवारचा प्रश्न विचारत सुटला, आणि वाळू फिटर त्याला 'डॉक्टर' म्हणू लागला.

आज वाळूनेच त्याला दवाखान्यात ओढत आणलं होतं. "मॅडम, आमचे डॉक्टर माळ्यावरच्या स्टोअरला गेले नि घामाघूम होऊन परत आले."

"पित्त आहे हो," यादव म्हणाला. माल घेणारी पार्टी इन्स्पेक्शनला येऊन बसली होती, त्याला पळायचं होतं. "आठवडाभर चालूय. जिना चढला की छाती भरून येते, ढेकर आला की बरं वाटतं. आणि शनिवारी काही नव्हतं, मी बघितलं ना!"

"शनिवारी काय करत होतात?"

"झोपून होतो."

मॅडमचा हात प्रेशरच्या पट्ट्यावर थांबला. "ढेकर चालता चालता येतो?"

"नाही, थांबतो ना त्यासाठी."

"म्हणजे बरं ढेकराने वाटतं की थांबल्याने?"

असा विचार यादवने केलाच नव्हता.

ईसीजी निघाला. त्याची पट्टी चांगली होती. यादव शर्टाची बटणं लावू लागला.

"बसा. दुखणं हृदयाचं असलं तरी बसल्या जागी पट्टी चांगली येऊ शकते." त्यांनी त्याला ॲस्पिरिन चावायला दिली. "माझा प्रश्न अपुरा होता, यादव. ताण नसतो तसे शनिवारी श्रमही नसतात. आधीचं दुखणं कामाच्या ताणाचं होतं. हे नवं आहे, हे वेगळं."

फोन वाजला. यादव कुठे अडकला म्हणून पलीकडे साहेब ओरडत होते. "पार्टीला मी सांगते," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण यादव ॲम्ब्युलन्सच्या गाडीतून हॉस्पिटलला चाललेत." आणि फोन ठेवला.

इतक्या वर्षांत आपली चूक इतक्या सहज कबूल करणारं माणूस यादवने पाहिलं नव्हतं. तो निमूटपणे स्ट्रेचरवर आडवा झाला.

"चालत येतो की," सवयीने तोंडातून निघालंच.

"एक पाऊलही नाही," मॅडम म्हणाल्या आणि गाडीत त्याच्या शेजारी बसल्या.

हृदयाची एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद झालेली निघाली. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी ती त्याच दिवशी उघडली.